झाकण मिटलेला लॅपटॉप आणि बावीस महिन्यांत खालावलेली बॅटरी : एक प्रकरण

एप्रिल २०२४ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीने मला तिचा लॅपटॉप पाहायला बोलावले. ती पुण्यात घरूनच हिशेबतपासणीचे काम करते. लॅपटॉप चौदा इंची होता, वेगळी ग्राफिक्स चिप नसलेला, आणि जून २०२२ मध्ये नवा घेतलेला. तो घेतल्यापासून जवळजवळ रोज तिच्या टेबलावर झाकण मिटून पडलेला असे. सत्तावीस इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड व माउस, आणि मॉनिटरकडून लॅपटॉपकडे जाणारी एकच यूएसबी-सी तार, अशी तिची मांडणी होती. त्या एकाच तारेतून चित्र मॉनिटरकडे जात होते आणि कमाल ६५ वॅट वीज लॅपटॉपकडे येत होती. झाकण मिटून बाहेरच्या पडद्यावर काम करण्याच्या या पद्धतीला क्लॅमशेल मोड म्हणतात.

तिच्या तक्रारी दोन होत्या. नवा असताना साडेसहा तास चालणारा लॅपटॉप आता चार-पाच तासांतच मान टाकत होता, आणि मागच्याच आठवड्यात मुंबईला जाताना पिशवीत तो इतका तापला होता की हात लावल्यावर तिला भीती वाटली. “दादा, मी तर तो कायम चार्जिंगलाच लावून ठेवते, बॅटरी वापरतच नाही. मग ती संपली कशी?” असे तिने विचारले. या प्रश्नात जे गृहीत धरले होते तेच मुळात तपासायला हवे होते.

पहिला पुरावा : मोजलेली क्षमता आणि मोजलेली आवर्तने

विंडोजमध्ये बॅटरीचा इतिहास पाहण्यासाठी कोणताही वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील ओळ दिली की त्याच फोल्डरमध्ये एक अहवाल तयार होतो आणि तो ब्राउझरमध्ये उघडता येतो.

```
powercfg /batteryreport
```

या अहवालातील तीन नोंदी महत्त्वाच्या आहेत. `DESIGN CAPACITY` म्हणजे कारखान्यातून निघतानाची क्षमता, `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावणारी ऊर्जा, आणि `CYCLE COUNT` म्हणजे पूर्ण भरून पूर्ण उतरणे हे एक आवर्तन धरले, तर एकूण वापर किती आवर्तनांइतका झाला याची मोजणी. बहिणीच्या लॅपटॉपवर मूळ क्षमता ५७,००० मिलिवॅट-तास होती, आजची ४७,३१० दिसत होती, म्हणजे सुमारे ८३ टक्के, आणि आवर्तने होती फक्त ४१.

हा ८३ टक्क्यांचा आकडा मी लगेच मान्य केला नाही, आणि त्यामागचे कारण अशा मांडणीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बॅटरीची क्षमता तिच्यातील मोजणी-चिप अंदाजाने ठरवते. बॅटरी बरीच रिकामी होऊन पुन्हा भरते तेव्हाच त्या अंदाजाला दुरुस्तीची संधी मिळते. जो लॅपटॉप महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर उभा असतो, त्याचा हा अंदाज शिळा होत जातो आणि अहवालात बॅटरी प्रत्यक्षाहून चांगली दिसू शकते. म्हणून मी एका रविवारी झाकण उघडून, तार काढून लॅपटॉप पूर्ण उतरू दिला, नंतर न थांबता पूर्ण भरला आणि पुन्हा अहवाल काढला. आता आकडा ४४,४६० वर आला होता, म्हणजे मूळ क्षमतेच्या ७८ टक्के. अशा रीतीने “हळूहळू उतरलेली” बॅटरी एका दिवसात पाच टक्क्यांनी घसरल्यासारखी दिसते. खरे तर ती आधीच घसरलेली होती, कळले मात्र त्या दिवशी.

बावीस महिन्यांत २२ टक्के क्षमता गेली आणि आवर्तने फक्त ४१. प्रकरणाची किल्ली या जोडीत आहे. वापराने झिजलेली बॅटरी असती तर आवर्तनांचा आकडा काही शेकड्यांत गेला असता. इथे बॅटरी वापरल्यामुळे नव्हे, तर भरलेल्या अवस्थेत उबेत पडून राहिल्यामुळे म्हातारी झाली होती.

इथे एक समज दूर करायला हवा. तार कायम लावलेली असली म्हणजे बॅटरी सारखी भरत आणि उतरत असते असे बरेच जण मानतात. प्रत्यक्षात ती भरली की चार्जिंग थांबते आणि लॅपटॉप बाहेरून येणाऱ्या विजेवर चालतो. क्षणभर गरज ६५ वॅटच्या वर गेली तर बॅटरी हातभार लावते, पण बहिणीच्या कामात असे क्वचितच घडत होते. झीज येते ती बॅटरी शंभर टक्क्यांवर थांबून राहिल्यामुळे. बॅटरीतील लिथियम-आयन घट, म्हणजे सेल, पूर्ण भरलेला असताना त्याचे व्होल्टेज सर्वांत जास्त असते आणि त्या ताणाखाली आतील द्रवाचे विघटन होऊन इलेक्ट्रोडांवर थर साचत जातात. त्या थरांत अडकलेले लिथियम पुन्हा वीज वाहून नेण्याच्या कामी येत नाही. ही रासायनिक क्रिया बॅटरी वापरा अगर न वापरा, चालूच राहते, आणि तापमान वाढले की ती वेग घेते. सर्वसाधारण ठोकताळा असा की दर १० अंशांना हा वेग दुपटीच्या आसपास जातो.

भरलेपणाचा उलगडा झाला होता. उष्णता किती होती आणि झाकण मिटण्याचा तिच्याशी संबंध काय, हे मोजावे लागणार होते.

दुसरा पुरावा : उष्णता नेमकी कुठे साठत होती

प्रोसेसरचे तापमान HWiNFO या प्रोग्रॅममध्ये दिसते. बॅटरीचे मात्र या लॅपटॉपवर दिसत नव्हते. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी पुढच्या भागात, म्हणजे टाइप करताना तळहात टेकतात त्या पृष्ठभागाखाली असते. तिथे खालच्या बाजूने मल्टिमीटरची तापमान मोजणारी तार चिकटपट्टीने लावली. ही घटाच्या आतील नव्हे, तर त्यावरील आवरणाची उष्णता होती. आत दोन-चार अंश जास्तच असणार. पण मला तुलना करायची होती आणि तुलनेसाठी एवढे पुरेसे होते. खोलीचे तापमान दुपारी ३३ अंश होते. दरवेळी तोच व्हिडिओ कॉल, तीच मोठी हिशेबाची फाइल आणि ब्राउझरमधील त्याच खिडक्या चालू ठेवून एक तास थांबल्यानंतर नोंद घेतली.

झाकण उघडे ठेवून लॅपटॉप टेबलावर असताना प्रोसेसर ६६ अंशांवर आणि बॅटरीखालचे आवरण ३८ अंशांवर स्थिरावले. त्याच जागी फक्त झाकण मिटल्यावर हेच आकडे ७४ आणि ४३ झाले. गंमत म्हणजे याच वेळी सॉकेटवर लावलेल्या वीजमापकावर एकूण वापर सुमारे ४ वॅटने कमी दिसत होता, कारण लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बंद झाला होता. वीज कमी लागली तरी लॅपटॉप अधिक तापला, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विसंगत वाटते. पण पडद्याची उष्णता झाकणातून बाहेर जात असते, तिचा खालच्या भागाशी फारसा संबंध नसतो. ती वाचली म्हणून प्रोसेसर किंवा बॅटरी थंड होत नाही. उलट झाकण मिटल्यावर कीबोर्डचा सगळा पृष्ठभाग झाकला जातो, आणि हवेत उष्णता सोडणारी खालच्या भागाची सर्वांत मोठी मोकळी बाजू तीच असते.

दुसरे कारण डोळ्यांनी पाहण्यासाठी मी देवघरातून एक उदबत्ती आणली. राख लॅपटॉपवर पडणार नाही इतक्या अंतरावर ती धरली आणि धूर कुठे ओढला जातो ते पाहिले. झाकण उघडे असताना कीबोर्डच्या वरच्या रांगेपाशी धुराची रेघ वाकून कळांच्या फटींमध्ये शिरत होती. याचा अर्थ पंखा फक्त खालच्या जाळीतून नव्हे, तर कीबोर्डमधूनही हवा घेत होता. झाकण मिटल्यावर हा मार्ग बंद झाला. उरली खालची जाळी, आणि तिच्यात व टेबलात रबरी पायांच्या उंचीएवढीच, जेमतेम ३ मिलिमीटरची फट होती. त्यातच टेबलावर सुंदरसे लोकरी आवरण अंथरलेले होते, आणि ते मधोमध किंचित फुगून जाळीला टेकत होते. बिजागरीच्या फटीतून बाहेर येणारी गरम हवा मागच्या भिंतीवर आपटून परत फिरत होती, हेही धुराने दाखवले.

सगळ्याच लॅपटॉपमध्ये असेच असते असे नाही. काहींमध्ये कीबोर्डमधून हवा मुळीच आत जात नाही आणि झाकण मिटल्याने प्रोसेसरवर एखाद-दोन अंशांचाच फरक पडतो. वेगळी ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये तर कधी कधी उलटेच घडते. दोन वेगळ्या प्रकारचे पडदे एकाच वेळी चालू असले की काही चिपा आपली मेमरी सतत पूर्ण वेगाने चालवत राहतात, कारण वेग बदलण्यासाठी लागणारा क्षणभराचा विराम दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी सापडत नाही. अशा वेळी झाकण मिटून एकच पडदा उरला की त्या चिपेची उष्णता लक्षणीय घटते. त्यामुळे “झाकण मिटले की लॅपटॉप तापतो” हे सरसकट विधान मी करणार नाही. आपला लॅपटॉप हवा कुठून घेतो, कुठून सोडतो आणि किती पडदे चालवतो, यावर ते ठरते. तासाभराच्या दोन नोंदी आणि एक उदबत्ती एवढ्यावर कोणालाही आपल्यापुरते उत्तर मिळते.

उभा स्टँड आणि एक चूक

बहिणीने आधीच उभा स्टँड मागवला होता, ज्यात मिटलेला लॅपटॉप पुस्तकासारखा उभा राहतो. कल्पना चांगली आहे, कारण खालची जाळी टेबलापासून सुटते आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळते. पण तिने तो बिजागरी खाली आणि पुढची कड वर असा ठेवला होता, कारण तसा तो अधिक देखणा दिसत होता. आम्ही तसाच एक तास मोजला. बॅटरीचे आवरण ४२ अंशांवर राहिले, पण प्रोसेसर ७९ वर गेला, म्हणजे टेबलावर आडवा असतानापेक्षाही जास्त. बिजागरीतील फट हीच गरम हवा बाहेर पडण्याची वाट होती आणि ती स्टँडच्या खाचेत बुजली होती. शिवाय वर चढणारी उष्णता थेट बॅटरीकडे जात होती, कारण आता बॅटरी वरच्या टोकाला होती.

लॅपटॉप उलटा केला, बिजागरी वर आणि पुढची कड खाली, आणि स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. त्याच कामाला प्रोसेसर ६७ आणि बॅटरीचे आवरण ३७ अंश. झाकण उघडे असतानाच्या नोंदींहून हे जवळजवळ वेगळे नव्हते. टेबलावर मिटून ठेवल्याने बॅटरीला जी पाच अंशांची जादा ऊब मिळत होती ती पूर्ण गेली. दहा अंशांना दुप्पट या ठोकताळ्याने पाहिले तर पाच अंशांचा अर्थ झिजेचा वेग सुमारे १.४ पट असा होतो. ही वाढ लहान नाही. पण बॅटरी वर्षानुवर्षे शंभर टक्क्यांवर राहत असेल, तर झाकण उघडे ठेवूनही तिचे वय वाढतच राहिले असते. झाकण मिटणे हा या प्रकरणातला दुय्यम दोषी होता.

म्हणून खरा उपाय चार्जिंगची मर्यादा हाच होता. तिच्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, ही सोय आधीपासूनच होती, फक्त बंद होती. मर्यादा ८० टक्क्यांवर लावली. अनेक कंपन्या हीच सोय आपल्या प्रोग्रॅममधून देतात आणि तिला वेगवेगळी नावे असतात. “म्हणजे वीस टक्के बॅटरी मी आपणहून सोडून द्यायची?” असे ती म्हणाली. टेबलावर बसलेल्या दिवशी त्या वीस टक्क्यांची गरजच पडत नाही. मुंबईला जायचे असेल तेव्हा आदल्या रात्री मर्यादा उठवून पूर्ण भरावे आणि परत आल्यावर पुन्हा लावावी, असे आम्ही ठरवले.

पिशवीतला तापलेला लॅपटॉप

दुसऱ्या तक्रारीचे मूळ विंडोजच्या एका सेटिंगमध्ये होते, आणि ते तसे का ठेवले गेले होते यामागे एक समजण्यासारखे कारण होते. झाकण मिटल्यावर लॅपटॉपने झोपू नये म्हणून क्लॅमशेलसाठी “Do nothing” हा पर्याय निवडावा लागतो. तो तारेवर असताना आणि बॅटरीवर असताना असा वेगवेगळा निवडता येतो. बहिणीने तो दोन्हीकडे लावला होता. उन्हाळ्यात वीज गेली की मॉनिटर बंद पडे, मॉनिटरबरोबर लॅपटॉपची वीजही जाई, लॅपटॉप त्याच क्षणी बॅटरीवर येई आणि झाकण मिटलेले असल्याने झोपून जाई. चालू बैठक तुटे. म्हणून तिने बॅटरीवरही “Do nothing” केले होते.

त्याचा परिणाम असा की संध्याकाळी तिने तार काढली, मिटलेला लॅपटॉप तसाच उचलून पिशवीत घातला, आणि तो जागाच राहिला. गाडीत दोन-अडीच तासांत बॅटरी १०० वरून ६१ टक्क्यांवर आली आणि ती सगळी ऊर्जा गादीच्या पिशवीत उष्णता होऊन साठली. पूर्ण भरलेल्या बॅटरीला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

सेटिंग आम्ही बदलले. कमांड प्रॉम्प्टमधून ते असे करता येते. पहिल्या ओळीतील ० म्हणजे तारेवर असताना काही करू नये, दुसरीतील १ म्हणजे बॅटरीवर असताना झोपावे.

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_buttons lidaction 0
powercfg /setdcvalueindex scheme_current sub_buttons lidaction 1
powercfg /setactive scheme_current
```

पण एवढ्यावर मी तिला विसंबू दिले नाही. ही सूचना झाकण मिटण्याच्या घटनेला जोडलेली आहे आणि क्लॅमशेलमध्ये झाकण सकाळपासूनच मिटलेले असते. तार काढली म्हणून झाकण नव्याने मिटत नाही, त्यामुळे पूर्वी वीज गेल्यावर लॅपटॉप झोपत असे तसा तो दरवेळी झोपेलच याची खात्री नाही. म्हणून तार काढण्यापूर्वी स्टार्ट मेनूतून लॅपटॉप झोपवावा, किंवा तार काढल्यावर झाकण एकदा उघडून पुन्हा मिटावे, आणि दिवा मंद लुकलुकू लागल्याखेरीज पिशवीची चेन ओढू नये. लांबच्या प्रवासाला तर पूर्ण बंद करणेच चांगले. वीज गेल्यावर बैठक तुटण्याचा प्रश्न उरतोच. मॉनिटर आणि राउटर एका लहान यूपीएसवर घेतल्याने तो सुटला, कारण आता वीज गेली तरी तारेतून लॅपटॉपला मिळणारा पुरवठा खंडित होत नाही.

फुगवटा, जो क्लॅमशेलमध्ये दिसत नाही

तपासणीच्या दिवशी मी सर्वांत आधी पाहिली ती बॅटरी फुगली आहे का, ही गोष्ट, आणि सांगतो आहे सर्वांत शेवटी. भरलेल्या व उबेत राहिलेल्या बॅटरीत वायू साठून ती फुगू शकते. उघड्या लॅपटॉपवर हे वापरणाऱ्याच्या हाताला कळते: टचपॅड दाबताना कडक लागतो, त्याची क्लिक हरवते किंवा एक बाजू वर उचलल्यासारखी वाटते. क्लॅमशेलमध्ये काम करणारा माणूस महिनाभर टचपॅडला हातच लावत नाही. उभ्या स्टँडमध्ये तर लॅपटॉप दोन्हीकडून आवळलेला असतो आणि फुगवटा आतल्या आत पडद्यावर व बोर्डावर दाबला जातो.

त्यामुळे महिन्यातून एकदा लॅपटॉप स्टँडमधून काढून काचेच्या किंवा फरशीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवायचा, चारही कोपरे बोटाने दाबून तो डुगडुगतो का पाहायचे, झाकण मिटल्यावर पुढच्या कडेची फट दोन्ही टोकांना सारखी आहे का बघायचे आणि टचपॅडच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत क्लिक करून पाहायचे. बहिणीचा लॅपटॉप या चाचणीत निर्दोष निघाला. तसे नसते तर पुढचे काहीही मोजले नसते. फुगलेली बॅटरी असेल तर चार्जिंग तत्काळ थांबवून लॅपटॉप बंद करावा, बॅटरी दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा विचारही मनात आणू नये आणि ती सेवाकेंद्रातच बदलून घ्यावी.

ऑक्टोबरमधील नोंद

ऑक्टोबर २०२४ मध्ये मर्यादा उठवून, पुन्हा पूर्ण उतरवून आणि पूर्ण भरून अहवाल काढला. क्षमता ४३,८९० म्हणजे ७७ टक्के होती. बावीस महिन्यांत २२ टक्के आणि नंतरच्या सहा महिन्यांत एक टक्का, अशी तुलना मोहात पाडणारी आहे, पण तिचे सगळे श्रेय मी उपायांना देणार नाही. लिथियम-आयन बॅटरीची घट सुरुवातीला वेगाने आणि पुढे सावकाश होत असते, आणि या सहा महिन्यांत पावसाळ्याचे गार महिनेही आले. शिवाय एक टक्क्याचा फरक मोजणीच्या चुकीतही येऊ शकतो. गेलेले २२ टक्के परत येणार नव्हते आणि आलेही नाहीत. पुढची तशीच नोंद आम्ही मेअखेरीस, कडक उन्हाळ्याचे तीन महिने पार पडल्यावर घेणार आहोत. तोपर्यंत मर्यादा ८० वर, बिजागरी वर, आणि दर महिन्याच्या एक तारखेला फरशीवर चार कोपऱ्यांची चाचणी, असे तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवले आहे.